बोअरमध्ये सबमर्सिबल उतरवताना: पाईप, एनआरव्ही, दोरी आणि केबल क्लॅम्प (कोकणातल्या घरांसाठी)

बोअर मारून झाली, पाणी लागलं, नारळ फुटला, पेढे वाटून झाले की सगळ्यांना वाटतं काम संपलं. आता दुकानातून पंप आणायचा आणि मिस्त्री सोडून देईल आत. पण पुढे जो त्रास होतो ना, म्हणजे पंप आत पडणं, केबल घासून शॉर्ट होणं, दर वेळी पाणी यायला वेळ लागणं, तो बहुतेक याच उतरवण्याच्या दिवशी जन्माला येतो. राजापूरकडच्या आमच्या घरी पंप बसवून घेतला तेव्हा मी पहिल्या पाईपपासून शेवटपर्यंत तिथेच उभा होतो, त्यानंतर वाडीतल्या आणखी काही बोअरींवर मदतीला गेलो, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. ज्यांच्याकडे पहिल्यांदाच सबमर्सिबल बसतोय त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा, खाली सगळीकडे तीच लागणार आहे. आत जे चार सामान जातं त्यातल्या प्रत्येकाचं काम वेगळं आहे. पाईप वजन पेलतो आणि पाणी वर आणतो. एनआरव्ही, म्हणजे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, पाईपातलं पाणी परत खाली जाऊ देत नाही. दोरी फक्त पाईप तुटला तर. आणि क्लॅम्पचं काम एवढंच की केबल पाईपाला धरून राहावी. घोळ कुठे होतो, तर एकाचं काम दुसऱ्यावर ढकललं की. दोरीवर वजन, केबल धरून पंप उचलणं, क्लॅम्पच्या जागी नुसती चिकटपट्टी, असं.

१. आधी बोअरची माहिती कागदावर घ्या

बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याकडून ह्या गोष्टी लिहूनच घ्या: एकूण खोली, केसिंग म्हणजे माती ढासळू नये म्हणून वरच्या भागात घातलेला पाईप किती फूट, पाणी किती फुटांवर लागलं आणि किती इंच. आपल्याकडे वर जांभा, त्याच्याखाली मऊ पिवळट-पांढरी माती आणि मग काळा कातळ. केसिंग ती मऊ माती पार करून कातळात थोडं तरी बसलेलं पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात माती सुटून आत येते आणि पंपाच्या भोवती बसते, मग पंप वर निघतच नाही. हे पंप घ्यायच्या आधी कळलेलं बरं.

आमच्या बोअरचा हिशोब सांगतो, उदाहरण म्हणून पुढे हाच वापरतो. खोली २२० फूट, व्यास साडेसहा इंच, केसिंग ६० फूट, पाणी लागलं १४० आणि १९५ फुटांवर, गाडीवाला म्हणाला दीड इंच पाणी आहे.

आता हे "इंच" म्हणजे काय ते समजून घ्या कारण इथे भलेभले फसतात. ते पत्र्याच्या व्ही आकाराच्या खाचेतून पाणी सोडतात आणि खाचेत पाणी किती उंच चढलं ते मोजतात. नव्वद अंशाची खाच असेल तर १ इंच म्हणजे तासाला साधारण ५०० लिटर, दीड इंच म्हणजे १४०० च्या आसपास, आणि २ इंच म्हणजे जवळजवळ २८०० लिटर. म्हणजे इंच दुप्पट झाला की पाणी साडेपाच पटीहून जास्त होतं. शेजाऱ्याला दोन इंच लागलं आणि तुम्हाला एक, तर तुमच्याकडे त्याच्या निम्मं पाणी नाहीये, पाचवा हिस्सा पण धड नाही. त्याचा पंप बघून तुम्ही पंप घेऊ नका.

शिवाय हा आकडा बोअर मारल्याच्या दिवसाचा. मे महिन्यात तो कमीच भरणार, आणि नेमका मेमध्येच सगळे चाकरमानी घरी असतात. म्हणून पाण्याची पातळी शक्यतो मेमध्ये मोजा. सुतळीला वजन बांधून सोडायचं, पाण्याला टेकलं की आवाज येतो, सुतळी ओली कुठपासून झाली ते बघायचं. आमच्याकडे मेमध्ये पाणी उभं असतं ८५ फुटांवर, पावसाळ्यात ते पार २० फुटांवर येतं. पावसाळ्यातली पातळी बघून पंपाची खोली ठरवणं हा तर आपल्याकडचा सगळ्यात कॉमन घोळ.

त्याच सुतळीने बोअरचा तळ पण बघून घ्या. २२० म्हणून सांगितलेली बोअर आत भरून २०० वर आलेली असू शकते.

२. पंप किती खोल आणि केवढा

साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटात साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. आमची टाकी १००० लिटरची. १ एचपीचा पंप आमच्या उंचीला तासाला २००० लिटरच्या जवळपास देतो, म्हणजे टाकी भरायला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात झऱ्यातून आत येणार जास्तीत जास्त ७००, उरलेले ३०० लिटर बोअरमध्ये साठलेल्या पाण्यातून जाणार. ३०० ला साडेसहाने भागलं की ४६ फूट. म्हणजे ८५ वरचं पाणी पंप चालू असताना १३० च्या आसपास खाली जाणार. मेमध्ये झरा मंदावला तर अजून थोडं खाली.

म्हणून पंप १७० फुटांवर धरला. पाण्याची चालू पातळी १३०, त्याच्याखाली ४० फूट राखीव, आणि पंपाच्या खाली तळापर्यंत जवळजवळ ४५ फूट मोकळे, गाळ बसायला. पंप तळाला टेकवून ठेवायचा नाही, कितीही पाणी कमी असलं तरी. तळाला टेकला की गाळ ओढतो आणि मोटर गाळात रुतली की तापते.

हेड म्हणजे पाणी चढवायची एकूण उंची. ती पंपाच्या खोलीवरून काढत नाहीत, पाण्याच्या चालू पातळीवरून काढतात. १३० फूट, वर टाकी २५ फूट, पाईप, बेंड आणि व्हॉल्व्हमधल्या घर्षणाचे १० धरा, झाले १६५ फूट म्हणजे ५० मीटर. पंपाच्या तक्त्यात ५० मीटरला किती लिटर देतो ते बघायचं. डब्यावर मोठ्या अक्षरात जो जास्तीत जास्त हेड लिहिलेला असतो त्या हेडला पाणी शून्य येतं, हे दुकानदार सांगत नाही.

"दीड एचपी घ्या ना, जोरात येईल" असं प्रत्येक जण म्हणतो. बोअरमध्ये तासाला १४०० लिटर येत असताना ३००० ओढणारा पंप घेऊन तो पाणी संपवून कोरडाच फिरणार. आणि खाडीच्या, समुद्राच्या जवळ घर असेल तर अजून एक भीती आहे. पातळी जास्त खाली ओढली की खारं पाणी बोअरकडे सरकतं. तिथे पंप छोटा, चालवायचा थोडा थोडा वेळ, आणि मेमध्ये एकदा पाण्याचा टीडीएस मोजून ठेवायचा. तो वर्षागणिक चढत असेल तर अजून खोल जाऊन काही मिळणार नाही, उलट जास्त खारं होईल.

३. सामानाची यादी

आमच्या १७० फुटांसाठी हे लागलं:

- १ एचपी सिंगल फेज सबमर्सिबल, चार इंची, आणि त्याचं पॅनल
- सव्वा इंची यूपीव्हीसी कॉलम पाईप, १० फुटी, १७ नग, प्रत्येकाच्या कपलिंगमधल्या रबर रिंगसकट
- खालचा आणि वरचा अॅडाप्टर, स्टीलचे
- सव्वा इंची एनआरव्ही, स्प्रिंगवाला, गनमेटल किंवा स्टील, आणि एक स्टील निपल
- तीन कोअर फ्लॅट सबमर्सिबल केबल २.५ स्क्वेअर एमएम, बोअरमध्ये १७० फूट अधिक पॅनलपर्यंतचं अंतर अधिक थोडी जास्त
- दोरी १९० फूट
- केबल क्लॅम्प, पाईपमागे दोन
- केबल जॉइंट किट
- बोअर कॅप आणि पाईप धरायच्या लोखंडी क्लॅम्पची जोडी
- तिपाई आणि चेनपुली, ही मिस्त्री आणतो

सोबत कागद: पंपाचं बिल, सिरीयल नंबर लिहिलेलं वॉरंटी कार्ड (दुकानदाराचा शिक्का मारूनच घ्या), आणि बोअरच्या माहितीचा तो कागद. घराच्या मीटरवर पंप चालवणार असाल तर वीजबिलावर मंजूर भार किती आहे तेही बघून घ्या.

पाईपाबद्दल दोन शब्द. जुनी माणसं अजून जीआय पाईप म्हणतात, पण आपल्याकडच्या पाण्याला आणि खाऱ्या हवेला जीआयचे आटे काही वर्षांत खाऊन जातात, आणि कुजलेल्या आट्यातूनच पाईप सुटतो. यूपीव्हीसी कॉलम पाईपला चौकोनी आटे असतात, वजनाला ते चांगले. पण मिडियम, स्टँडर्ड, हेवी असे प्रकार येतात आणि प्रत्येकाची खोलीची मर्यादा कंपनीने दिलेली असते, ती वाचा. घरात उरलेला साधा प्लंबिंगचा पीव्हीसी सोल्यूशनने चिकटवून बोअरमध्ये अजिबात सोडू नका. पंप-मोटर, पाईप आणि पाईपात उभं राहिलेलं पन्नासेक लिटर पाणी धरलं तर शे-सव्वाशे किलो लटकतंय.

केबल जाडच घ्या. आमची पंपापासून पॅनलपर्यंत ८० मीटर भरली. पूर्ण लोडला साडेसात अँपिअर धरले तर दीड एमएमच्या केबलमध्ये १६ व्होल्ट जातात, अडीचमध्ये १० च्या आत राहतात. शहरात चालून जातं एखादवेळेस, पण आपल्याकडे संध्याकाळी २०० व्होल्टच येत असतात, त्यातले १६ गेले की मोटर सुरू होताना नुसती गुरगुरते.

४. पंप जमिनीवर असतानाच करायची कामं

पाण्याने भरायची मोटर असेल तर आत स्वच्छ पाणी भरायचं असतं. प्लग उघडायचा, पाणी ओतायचं, मोटर थोडी हलवायची, बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं, परत भरायचं आणि प्लग घट्ट. घाईत हे राहून जातं आणि मोटर आतल्या हवेवर चालून बेअरिंग जातं. तेलाची मोटर असेल तर तिचे प्लग उघडायचेच नाहीत. कुठली आहे ते पुस्तिकेत बघा, मिस्त्रीच्या अंदाजावर जाऊ नका.

मग केबलचा जॉइंट. मोटरमधून थोडीशी केबल बाहेर आलेली असते, तिला आपली लांब केबल जोडायची. तीन वायरींचे तीन जॉइंट एकाच जागी घ्यायचे नाहीत, एकापुढे एक सरकवून घ्यायचे, म्हणजे एकाची टेप फाटली तरी दुसऱ्याला लागणार नाही आणि जाडीही एका जागी येत नाही. वायर नुसती पिळून टेप नाही मारायची, फेरूल घालून दाबून घ्यायची, वर रबर टेप ताणून आणि मग पीव्हीसी टेप, नाहीतर हीटश्रिंक किट. रंग रंगाला. झाल्यावर जॉइंट बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, जितका जास्त वेळ तितकं चांगलं, आणि मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून बघा. मिस्त्रीकडे मेगर नसेल तर इलेक्ट्रिशियनला तासभर बोलवा. पैसे जातील थोडे, पण जॉइंट १७० फुटांवर गेल्यावर लीक सापडला तर सगळे पाईप परत वर.

आता एनआरव्ही. बहुतेक पंपांच्या तोंडाशी आतच एक व्हॉल्व्ह असतो, मग दुसरा कशाला असं मिस्त्री म्हणतो. कशाला ते सांगतो. पंप बंद झाला की पाईपातलं सगळं पाणी खाली यायला बघतं. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर ते पाणी पंपातून खाली जाताना पंप उलटा फिरवतं. तेवढ्यात लाईट आली आणि मोटरने सुलटा झटका दिला की शाफ्टवर, कपलिंगवर मार बसतो. आपल्याकडे लाईट गेली-आली-गेली हे पावसाळ्यात दिवसातून कितीदा होतं ते मी सांगायला नको. आतला व्हॉल्व्ह एका वाळूच्या कणाने उघडा राहू शकतो, म्हणून वर दुसरा.

तो कुठे लावायचा हे महत्त्वाचं. पंपाच्या तोंडावर स्टीलचा निपल, त्यावर एनआरव्ही, त्यावर खालचा अॅडाप्टर आणि मग पहिला पाईप, म्हणजे व्हॉल्व्ह कायम पाण्याखाली राहतो. बाण वरच्या दिशेला, हे बघूनच घट्ट करा, उलटा लावून पाणीच नाही आलं असे प्रकार होतात. झडप हेलकावणारा स्विंग टाईप व्हॉल्व्ह इथे चालत नाही, तो हळू बंद होतो आणि पाणी परत आपटतं. स्प्रिंगवालाच.

काही जण सोपं म्हणून एनआरव्ही फक्त वर, बोअरच्या तोंडापाशी लावतात, बदलायला बरा पडतो म्हणून. तिथे असा प्रॉब्लेम होतो: पंपातला व्हॉल्व्ह गळत असेल तर पाईपातलं पाणी खाली उतरतं, वरचा बंद असल्यामुळे हवा आत येत नाही आणि मध्ये पोकळी तयार होते. पुढच्या वेळी पंप सुरू झाला की पाणी त्या पोकळीतून सुसाट येऊन वरच्या व्हॉल्व्हवर धाडकन आपटतं. तो आवाज घरात ऐकू येतो, आणि एक दिवस कपलिंग नाहीतर व्हॉल्व्ह फुटतो. आमच्यासारख्या १७० फुटांना खाली लावलेला एक पुरे आहे. २०० फुटांच्या पुढे गेलात तर मध्ये अजून एक लागतो.

५. दोरी

पंपाच्या वरच्या टोकाला दोरीसाठी भोक किंवा कडी असते, दोरी तिथेच बांधायची, केबल गार्डला किंवा निपलला नाही. काथ्या, सुंभ विसरा, कुजतं. बाजारात मिळते ती १२ एमएमची पॉलिप्रॉपिलिनची दोरी आमच्या वजनाला भरपूर झाली, ती पाणी पीत नाही आणि कुजत नाही. फक्त उन्हाने ती पिठासारखी होते, म्हणून बोअरच्या बाहेर राहिलेला भाग झाकून ठेवा. जास्त खोलीला स्टीलचा वायररोप घ्या, पण अस्सल स्टेनलेस. जीआयचा घेतलात तर किनाऱ्यावर तो गंजून एकेक तार तुटत जाते आणि तुटलेल्या तारा केबल फाडतात.

वायररोपला गाठ मारत नाहीत, यू क्लिपा लावतात, कमीत कमी तीन, आणि क्लिपचा गोल यू भाग दोरीच्या आखूड टोकावर यायला हवा, वजनाच्या बाजूवर सपाट खोगीर. उलटं लावलं तर यू वजनाची तारच चेपून कमजोर करतो. पॉलिप्रॉपिलिनची दोरी गुळगुळीत असते, साधी गाठ सरकते. आमच्याकडे गाठ मारायला मच्छीमारीवर जाणाऱ्या शेजारच्या काकांना बोलावलं, त्यांनी न सरकणारा फासा घातला, टोक वीतभर ठेवलं आणि परत बांधलं. मिस्त्रीला राग आला थोडा, पण असो.

दोरी उतरवताना थोडी सैल ठेवायची. ताणून बांधली की वजन तिच्यावर येतं, ती ताणत जाते आणि पाईपाच्या आट्यांचा बसलेला ताण बदलतो. पण इतकीही सैल नको की आत वेटोळं पडून पंपाशी अडकेल. दर पाईपला केबलबरोबर तीही हलकी बांधून घेतली की दोन्ही साधतं. वरचं टोक केसिंगवर बसणाऱ्या लोखंडी क्लॅम्पला किंवा बाजूच्या काँक्रीटमधल्या हुकला बांधा. कॉलम पाईपालाच बांधलं तर पाईपाबरोबर दोरीपण जाणार आत, मग ती कशासाठी होती.

६. उतरवणं

बोअरच्या तोंडाभोवती गोणपाट पसरा. पाना, नट, क्लॅम्प काहीही आत पडलं की पंप आणि बोअरच्या भिंतीमध्ये अडकतं. लहान पोरांना आणि सल्ला द्यायला आलेल्या मोठ्यांना दोन्ही लांब ठेवा.

पंप तिपाईला लटकवून पहिला पाईप जोडायचा. पाईपाच्या आट्यांना आणि रबर रिंगला साबणाचं पाणी लावायचं. ग्रीस किंवा ऑईल लावू नका, रबर फुगतं आणि रिंग जागा सोडते. आटे हाताने सुरू करा, वाकडे चढले नाहीत याची खात्री झाली की पट्ट्याच्या पान्याने शेवटपर्यंत बसवा. दातेरी पान्याने यूपीव्हीसीवर चरे पडतात आणि चऱ्यातूनच तो चिरतो. प्रत्येक कपलिंगमध्ये रिंग आहे का हे डोळ्याने बघा. सतरापैकी एक राहिली तरी तिथून पाणी बोअरमध्येच परत पडत राहणार.

लोखंडी क्लॅम्प दोन असतात, एक खालच्या पाईपाला धरून केसिंगवर टेकलेला, दुसरा नव्या पाईपाला. नवा पाईप पूर्ण बसून पुलीवर वजन आल्याशिवाय खालचा क्लॅम्प सोडायचा नाही. दमलेली माणसं इथेच चुकतात, दुपारी जेवणाआधीचे शेवटचे दोन-तीन पाईप, तेव्हा जरा ओरडून सांगत राहा.

केबल क्लॅम्प: प्रत्येक कपलिंगच्या थोडं वर एक आणि थोडं खाली एक. कपलिंग पाईपापेक्षा जाड असतं, केबल त्याच्यावरून वाकून जाते, आणि मोटर सुरू होताना सगळा पाईप एक पीळ खातो. तेवढ्या पिळाने दर वेळी केबल कपलिंगच्या कडेवर किंवा कातळावर घासते. दिवसातून चार वेळा पंप सुरू होत असेल तर वर्षात किती घासलं ते बघा. दोन बाजूंनी क्लॅम्प असले की ती हलत नाही. क्लॅम्प प्लास्टिकचे किंवा रबरी पट्टीचे. तार पिळून बांधणं नको, ती इन्सुलेशनमध्ये रुतते. नुसती चिकटपट्टी पण नको, पाण्यात ती सुटते आणि सुटलेल्या पट्ट्या पंपाच्या जाळीत जातात. क्लॅम्प इतकाच घट्ट की केबल सरकणार नाही पण चपटी होणार नाही, आणि दोन क्लॅम्पच्या मध्ये केबलला किंचित ढील, कारण पाण्याने भरल्यावर पाईप थोडा ताणतो. जॉइंटच्या वर क्लॅम्प आणू नका.

प्रत्येक चार-पाच पाईपांनंतर मेगर किंवा निदान मल्टीमीटर लावून केबलची कंटिन्युइटी आणि अर्थला लीक बघून घ्या. केबल कुठे चिरली असेल तर तेव्हाच कळतं आणि पाचच पाईप वर घ्यावे लागतात.

उतरताना कुठे अडलं तर दाबू नका. थोडं वर घ्या, फिरवा, परत सोडा. तरीही अडत असेल तर बोअर तिथे वाकडी आहे किंवा दगड आलाय, बळजबरीने गेलेला पंप त्याच बळजबरीने वर येत नाही.

शेवटी वरचा अॅडाप्टर, केसिंगवर क्लॅम्प, बोअर कॅप. कॅपमधलं केबलचं भोक बंद करा नाहीतर पहिल्या पावसात अंगणातलं पाणी, बेडूक, सगळं आत. केसिंग जमिनीच्या वर फूट-दीड फूट असू दे.

७. पहिल्यांदा सुरू करताना

पॅनल पडवीत पण झड लागणार नाही अशा भिंतीला. मोटरच्या तीन वायरी पॅनलवर लिहिलेल्या जागीच जोडा, कंपनीनुसार रंग बदलतात. अर्थिंग वेगळं आणि खरं हवं. कोरडं चालणं पकडणारं डिव्हाईस पॅनलमध्ये नसेल तर ते लावून घ्या, आपल्या मे महिन्यासाठी ते एचपी वाढवण्यापेक्षा जास्त उपयोगाचं. आणि वीज कडकडायला लागली की पंपाचा एमसीबी खाली, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

पहिलं पाणी टाकीत नको, बाहेर सोडा. वरचा गेट व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवून सुरू करा, गढूळ पाणी येईल, साफ झालं की हळूहळू पूर्ण उघडा. गढूळ असताना सारखं चालू-बंद करू नका, थांबलं की गाळ पाईपातून पंपावर बसतो. त्याच वेळी टाँग टेस्टरने अँपिअर बघा आणि मोटरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा. सगळं ठीक असताना जास्त येत असतील तर व्होल्टेज तपासा, ते कमी असेल तर अँपिअर चढतात. आणि काही वेळाने अँपिअर खाली येऊन पाणी फसफसत आलं तर पातळी पंपापर्यंत आली आहे, लगेच बंद करा.

मग एनआरव्हीची परीक्षा. पंप बंद करा, अर्धा तास थांबा, पुन्हा सुरू करा. दोन-तीन सेकंदात पाणी आलं तर पाईप भरलेला आहे, व्हॉल्व्ह धरतोय. आधी बराच वेळ हवा आणि मग पाणी, तर पाईप रिकामा होतोय. रिकामा कुठून होतोय ते बघायला पंप चालू असताना बोअर कॅपचं भोक उघडून कान लावा. आत धबधब पाणी पडल्याचा आवाज आला तर कुठलं तरी कपलिंग गळतंय. चालू असताना आवाज नाही, फक्त बंद केल्यावर पाईप रिकामा होतो, तर व्हॉल्व्ह. (झऱ्याचं पाणी वरून पडत असेल तर तोही आवाज येतो, म्हणून पंप सुरू व्हायच्या आधीचा आवाज पण ऐकून ठेवा.)

पॅनलच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: बोअर २२०, पंप १७०, पाईप १७, एनआरव्ही पंपावर एक, केबल अडीच, पहिल्या दिवशीचे अँपिअर आणि व्होल्टेज, टाकी भरायला लागलेला वेळ. पुढे टाकी भरायला अर्ध्याचा पाऊण तास लागायला लागला तर आधी पाण्याची पातळी मोजा, मग अँपिअर. पातळी तीच आणि अँपिअर कमी, तर पंप झिजलाय किंवा जाळी भरलीय. पातळी तीच, अँपिअर पण तेच आणि पाणी कमी, तर कपलिंग ऐका. आणि पॅनल उघडाल तेव्हा मुंग्यांचं घर झालंय का तेही बघा, कॉन्टॅक्टरमध्ये मुंग्या जाऊन पंप बंद पडलाय आणि मिस्त्रीने पाईप काढायला माणसं बोलावलीत, असं आमच्या वाडीत झालेलं आहे.